वॉशिंग मशीनमध्ये पाणी हळू भरतंय? आधी जाळी काढा, मग दाब मोजा

मशीन लावलं, दार लॉक झालं, आत पाण्याची करंगळीएवढी धार पडतेय आणि काही मिनिटांनी मशीन थांबून टीं टीं करायला लागतं. पडद्यावर एलजीच्या मशीनला IE दिसतं, सॅमसंगला 4C किंवा जुन्या मॉडेलला 4E, बॉशला E17, पॅनासॉनिकला U14. अक्षरं वेगळी, पण तक्रार एकच: पाणी वेळेत भरलं नाही. सर्व्हिस सेंटरला फोन लावण्याआधी अर्धा तास काढून जे घरच्या घरी तपासता येतं, ते या लेखात क्रमाने सांगतो. हे सगळं फुल ऑटोमॅटिक मशीनबद्दल आहे, फ्रंट लोड असो वा टॉप लोड.

एरर नेमकी कशाची

मशीनच्या मागे जिथे पाण्याचा पाइप जोडलेला असतो, तिथे आत विजेवर चालणारा एक व्हॉल्व्ह असतो. प्रोग्रॅम सुरू झाला की मशीन त्याला वीज देतं, तो उघडतो आणि पाणी साबणाच्या कप्प्यातून ड्रममध्ये उतरतं. पाणी किती भरलं हे एक सेन्सर बघत असतो. व्हॉल्व्ह उघडल्यापासून ठरावीक मिनिटांत पाण्याची पातळी हवी तिथे आली नाही, तर मशीन हात वर करतं आणि एरर देतं.

म्हणजे ही एरर घड्याळाची आहे. नळ बंद आहे, पाइप मुडपलाय, जाळी तुंबली आहे की टाकीच रिकामी आहे, यातलं काहीही मशीनला कळत नाही. म्हणून एरर दिसली की लगेच ‘व्हॉल्व्ह गेला’ किंवा ‘बोर्ड गेला’ असं कुणी म्हणालं तर जरा थांबा. टाकीपासून ड्रमपर्यंत पाणी कुठे अडतंय ते एकेक टप्पा बघत गेलं की कारण सापडतं.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुंबलेली जाळी आणि कमी दाब ही दोन वेगळी दुखणी म्हणून सांगितली जातात, पण बहुतेक घरांत ती जोडीनेच त्रास देतात. तळमजल्यावर पाण्याला इतका जोर असतो की जाळी अर्धी तुंबली तरी मशीन वेळेत भरतं आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. तीच अर्धी तुंबलेली जाळी सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल, तर एरर ठरलेली. त्यामुळे ‘खालच्यांकडे सेम मशीन आहे, त्यांना काही त्रास नाही, म्हणजे आमचंच मशीन खराब’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

आधी डोळ्यांनी दिसणारं बघून घ्या

मशीनचा नळ पूर्ण उघडा आहे ना? भिंतीतला कॉक अर्धा फिरलेला राहतो, विशेषतः घरी प्लंबर किंवा रंगारी येऊन गेल्यावर. बाथरूमच्या लाइनला वर माळ्याजवळ वेगळा कॉक असेल तर तोही बघा. मशीन भिंतीला टेकवून ठेवलं असेल तर मागे पाइप दुमडून चपटा झालेला असतो. मशीन पुढे ओढायचं असेल तर दोघांनी मिळून ओढा, फ्रंट लोड साठ-सत्तर किलोचं असतं.

टॉप लोड मशीनला मागे दोन तोंडं असतील, गार आणि गरम, आणि तुम्ही फक्त गारचं जोडलं असेल, तर प्रोग्रॅम गार पाण्यावरच लावलेला आहे का ते बघा. चुकून बटण गरमवर गेलं की मशीन रिकाम्या तोंडाकडून पाण्याची वाट बघत बसतं.

इथे नव्या माणसाचा एक गोंधळ हमखास होतो. फ्रंट लोडला खाली पुढच्या बाजूला झाकण असतं, त्यामागे फिरवून काढायचा फिल्टर असतो. त्यात नाणी, केसांच्या पिना, गुंडाळे निघतात. तो पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवरचा फिल्टर आहे. तो साफ ठेवायलाच हवा, पण पाणी भरण्याशी त्याचा संबंध नाही. आपल्याला हवी असलेली जाळी मागे, पाइपाच्या जोडापाशी आहे.

बादलीची चाचणी

आता पाइप मशीनकडून सोडवायचा आहे. त्याआधी त्यात अडकलेला दाब काढून टाकला तर पाणी अंगावर उडत नाही. नळ बंद करा, मग मशीनवर कुठलाही प्रोग्रॅम सुरू करून अर्धा-पाऊण मिनिट चालू द्या. व्हॉल्व्ह उघडतो आणि पाइपातलं तुंबलेलं पाणी आत निघून जातं. मग मशीन बंद करा आणि प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं पॅनलवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण तुम्ही आता ओल्या हातांनी मशीनच्या मागे काम करणार आहात.

खाली जुना टॉवेल अंथरा. पाइपाचं प्लॅस्टिकचं नट हाताने उलट दिशेने फिरवा. बहुतेक वेळा हाताने सुटतं. घट्ट असेल तर कोरडं फडकं गुंडाळून फिरवा आणि तरीही हललं नाही तर मोठा पाना अगदी बेताने वापरा. नट फिरवताना मशीनचा व्हॉल्व्ह सोबत फिरतोय असं वाटलं तर थांबा. तो प्लॅस्टिकचा असतो आणि मुळापासून तडकतो.

एका बादलीत लिटरची बाटली दहा वेळा ओतून दहा लिटरची खूण करून ठेवा. आता पाइपाचं सुटलेलं टोक बादलीत सोडायचं, पण जमिनीलगत नाही. ते मशीनला जिथे जोडलं होतं त्याच उंचीवर हाताने धरा आणि पाणी तिथून बादलीत पडू द्या. वरच्या मजल्यावर दाब आधीच जेमतेम असतो. पाइपाचं तोंड तीन फूट खाली नेलं की पाणी फुकटचा जोर पकडतं आणि चाचणी खोटी उत्तर देते. अनेक प्लंबर इथेच फसतात: बादली जमिनीवर ठेवतात, पाणी छान येतं, आणि ‘पाणी ठीक आहे, मशीन बघून घ्या’ म्हणून निघून जातात.

नळ पूर्ण उघडा आणि मोबाइलवर वेळ लावा. दहा लिटर मिनिटा-दीड मिनिटात भरलं तर नळ आणि पाइप दोन्ही ठीक आहेत, अडथळा पुढे जाळीत किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर पाणी मशीनपर्यंतच कमी पोहोचतंय. मग पाइप नळाकडूनही सोडवा आणि नुसत्या नळाखाली बादली भरून बघा. नळाला पाणी जोरात आणि पाइपातून कमी, म्हणजे पाइपात गाळ आहे, तो आतून चपटा झालाय किंवा नळाकडच्या टोकाला बारीक जाळी आहे ती तुंबली आहे. काही पाइपांना त्या टोकालाही जाळी असते, आणि ती बघायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. नळालाच कमी पाणी असेल, तर जाळी तरीही साफ करा, पण खरा प्रश्न दाबाचा आहे आणि त्याकडे खाली येतोच.

जाळी काढणं आणि धुणं

पाइप सोडवल्यावर मशीनच्या तोंडात टॉर्च मारून बघा. आत एक छोटी टोपीसारखी जाळी बसवलेली दिसेल, आणि तिच्या मधोमध प्लॅस्टिकचा एक उंचवटा किंवा कड. तो उंचवटा पकडण्यासाठीच दिलेला असतो. चिमट्याच्या तोंडाची बारीक पक्कड घ्या, उंचवटा हलकेच धरा आणि सरळ बाहेर ओढा. क्षारांमुळे चिकटली असेल तर किंचित डावी-उजवीकडे हलवत ओढा. स्क्रू ड्रायव्हरने कडेकडेने उचकटू नका. जाळी फाटते किंवा आत ढकलली जाते, आणि आत गेलेला तुकडा थेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी बसतो.

बाहेर काढलेली जाळी आधी पांढऱ्या कागदावर आपटून बघा. काय पडतंय त्यावरून पाण्याची कुंडली कळते. तांबूस कण आणि पापुद्रे निघाले तर इमारतीतल्या जुन्या लोखंडी पाइपांचा गंज आहे. बारीक वाळू बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याची. मऊ, तपकिरी चिखल म्हणजे टाकीचा तळ ढवळला गेलाय. आणि पांढरे, लवचिक धागे निघाले तर ते प्लंबरने जोडाला गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे तुकडे. नवीन नळ बसवल्याच्या आठवड्यात सुरू झालेल्या एररमागे हेच धागे असतात, आणि नवीन नळ म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेत नाही.

जाळी वाहत्या पाण्याखाली उलटी धरून धुवा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने परत जाईल. जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा. मग उजेडासमोर धरून बघा: सगळी भोकं उघडी दिसली पाहिजेत. बऱ्याचदा वाळू निघून जाते, पण भोकांवर पिवळट-पांढरा थर राहतो. तो क्षारांचा. त्यासाठी वाटीभर कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व किंवा अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून जाळी अर्धा तास बुडवून ठेवा आणि पुन्हा ब्रश फिरवा. संडास धुण्याचं ॲसिड वापरू नका. बारीक तार त्यात खराब होते.

जाळीला कुठे चीर असेल तर ती परत लावू नका, तशीच जाळी स्पेअर पार्टच्या दुकानातून आणा. आणि जाळी न लावता मशीन चालवायचा मोह टाळा. पाणी लगेच धो धो भरतं, त्यामुळे हा उपाय लोकांना फार आवडतो, काही मिस्त्रीही करून देतात. पण व्हॉल्व्हच्या आत रबराचा पातळ पडदा असतो आणि त्याला केसाएवढं एक भोक असतं. वाळूचा कण तिथे अडकला की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. पडद्याखाली अडकला तरी तेच होतं, आणि मशीन बंद असतानाही ड्रममध्ये थेंब थेंब पाणी जमत राहतं. काही रुपयांची जाळी वाचवून व्हॉल्व्ह बदलायची वेळ येते.

जाळी परत बसवण्याआधी एक काम राहिलंय. पाइपाचं टोक बादलीत धरून नळ पूर्ण उघडा आणि बादलीभर पाणी वाहू द्या. काम करताना हललेला गंज आणि गाळ पाइपातच बसलेला असतो, तो आधी बाहेर काढला नाही तर धुतलेल्या जाळीवर पहिल्याच धुण्याला येऊन बसतो. पाणी स्वच्छ आलं की नळ बंद करा, जाळी सरळ आत दाबून बसवा, नटात रबरी वॉशर आहे ना ते बघा आणि नट हाताने घट्ट करा. हाताने घट्ट झाल्यावर अजून पाव फेरा पुरे. या जोडाला टेफ्लॉन टेप लागत नाही, पाणी वॉशरने थांबतं. मग नळ उघडा, जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवून बघा, दहा मिनिटांनी परत बघा. टिश्यू कोरडा राहिला तरच प्लग लावा.

आता एक रिन्सचा प्रोग्रॅम लावा आणि कान देऊन ऐका. व्हॉल्व्ह उघडताना हलकी घरघर आणि लगेच पाण्याचा भरदार आवाज यायला हवा.

जाळी धुतली तरी भागलं नाही: वरच्या मजल्याचं गणित

आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर, म्हणजे गच्चीच्या लगेच खाली, एक काकू राहतात. त्यांच्या फ्रंट लोडला पाणी न भरल्याची हीच एरर यायची. जाळी काढली तर गंजाच्या पापुद्र्यांनी जवळजवळ बंद झालेली. धुतली, मशीन व्यवस्थित चाललं. पण दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन: “अहो, सकाळी लावलं तर चालतं, दुपारी लावलं की परत तेच.” सकाळी चालतं आणि दुपारी नाही, हे ऐकल्यावर मशीनकडे बघायची गरजच नव्हती. आम्ही टेप घेऊन गच्चीवर गेलो.

गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब म्हणजे फक्त उंची. टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या तोंडापासून जितकी वर, तितका जोर. टाकी हजार लिटरची आहे की दहा हजारांची, याने काही फरक पडत नाही. साधारण 10 मीटर, म्हणजे 33 फूट उंचीला 1 बार दाब मिळतो.

काकूंकडचं माप असं निघालं. मशीनचं तोंड जमिनीपासून 3 फुटांवर, छत साडेनऊ फुटांवर, म्हणजे मधलं अंतर साडेसहा फूट. अर्धा फूट स्लॅब, त्यावर दीड फुटाचा टाकीचा कट्टा. झाले साडेआठ फूट. सकाळी टाकी भरलेली असताना तिच्यात 4 फूट पाणी, म्हणजे एकूण साडेबारा फूट, दाब 0.37 बारच्या आसपास. दुपारी अख्ख्या इमारतीची अंघोळ-धुणी उरकल्यावर टाकीत जेमतेम अर्धा फूट पाणी उरतं. तेव्हा उंची 9 फूट आणि दाब 0.27 बार. त्यातून वाटेतले कोपरे आणि जुना गंजका पाइप काही खातो तो वेगळाच.

मग त्यांच्या मशीनचं माहितीपुस्तक काढलं. त्यात पाण्याचा किमान दाब 50 किलोपास्कल लिहिलेला होता, म्हणजे 0.5 बार. तेवढ्यासाठी साधारण 17 फूट उंची हवी. टाकी काठोकाठ भरली तरी त्यांच्याकडे साडेचार फूट कमी. याच इमारतीत तळमजल्यावर चार मजल्यांचे 40 फूट वाढतात आणि दाब दीड बारच्या पुढे जातो. इतकी वर्षं मशीन चाललं कसं, हा काकूंचा प्रश्न रास्त होता. लिहिलेल्या दाबापेक्षा थोडं कमी असलं तरी व्हॉल्व्ह उघडतो, फक्त पाणी हळू येतं आणि घड्याळाच्या आत कसंबसं भरतं. त्यांचं मशीन पहिल्यापासून कडेवरच चालत होतं. जाळीने त्याला कडेवरून ढकललं, आणि जाळी धुतल्यावर ते परत कडेवर आलं.

तुमच्या मशीनचा किमान दाब पुस्तकात किंवा मागच्या स्टिकरवर सापडेल. आकडा किलोपास्कलमध्ये असेल तर 100 ने भागा, मेगापास्कलमध्ये असेल तर 10 ने गुणा, की बार मिळतात. वेगवेगळ्या मशीनचे आकडे बरेच वेगळे असतात, काहींना पूर्ण 1 बार लागतो. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि नवीन मशीन घेणार असाल, तर दुकानात किती किलोचं आणि किती आरपीएमचं हे विचाराल तेव्हा हा आकडाही बघून घ्या. नंतर पंप लावण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

दाब वाढवायचे मार्ग

बिनखर्चाचा मार्ग आधी करून बघा. टाकी भरल्यानंतर लगेच मशीन लावा आणि मशीन पाणी घेत असताना त्याच लाइनवरचा शॉवर किंवा स्वयंपाकघरातला नळ चालू ठेवू नका. एकाच अर्धा इंची पाइपावर दोन नळ उघडले की मशीनच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. काकूंचं पहिला महिनाभर एवढ्यावर भागलं.

टाकी उंच करणं हा कागदावर सोपा दिसणारा उपाय आहे. पाच फूट उचलली तर काकूंचं गणित सुटतंही. पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि ते स्लॅबवर कुठे, कशाच्या आधारावर उभं करायचं हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं काम आहे. वीटकाम करणाऱ्या गवंड्याच्या अंदाजावर हे करू नका.

उरतो छोटा प्रेशर पंप. नळ उघडला की आपोआप सुरू होणारा आणि बंद केला की थांबणारा पंप मिळतो, तो फ्लॅटमध्ये येणाऱ्या लाइनवर बसतो. 10 मीटर हेडचा, म्हणजे पाणी 10 मीटर वर चढवू शकणारा साधा पंप दाबात साधारण 1 बारची भर घालतो आणि मशीनला तेवढं पुष्कळ होतं. दोन गोष्टी सांभाळा. पंप टाकीनंतरच्या लाइनवरच बसवायचा. पालिकेच्या लाइनला थेट पंप लावणं बेकायदा आहे आणि त्याने शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं. सामाईक टाकी असेल तर सोसायटीला विचारून करा. आणि पंप बसवायच्या दिवशी जाळी पुन्हा बघा. असे पंप पाण्याचा प्रवाह ओळखून सुरू होतात. जाळी तुंबलेली असेल तर प्रवाह इतका बारीक असतो की पंप चालूच होत नाही, आणि नव्या पंपाला उगाच दोष लागतो.

पाणी जोरात, जाळी स्वच्छ, तरी एरर

मशीन पाणी भरत असताना ड्रेन पाइपाच्या टोकाकडे लक्ष द्या. तिथून पाणी वाहताना दिसलं तर ते एका बाजूने भरतंय आणि दुसऱ्या बाजूने चाललंय. ड्रेन पाइप जमिनीवर लोळत असेल किंवा त्याचं टोक गटाराच्या पाइपात खोल खुपसलं असेल तर असं होतं. पाइपाचा वाकलेला भाग जमिनीपासून दोन ते तीन फुटांवर अडकवा आणि टोक सैल ठेवा. अशा वेळी एरर पाणी भरण्याचीच येते, त्यामुळे लोक जाळी धुवून धुवून थकतात.

ते ठीक असेल तर व्हॉल्व्हचा आवाज ऐका. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर मागे कान लावल्यास मंद घरघर ऐकू येते पण पाणी येत नाही, असं असेल तर वीज पोहोचतेय आणि व्हॉल्व्हचा पडदा अडकलाय. घरघरच नसेल तर व्हॉल्व्हची कॉइल, वायर किंवा बोर्ड. दोन्ही कामं तंत्रज्ञाची आहेत, मशीन उघडून तिथे हात घालू नका, आत 230 व्होल्ट खेळत असतात. सेन्सरवर संशय असेल तर साबणाचा कप्पा उघडून मग्गाने पाच-सहा लिटर पाणी हळूहळू ओता आणि प्रोग्रॅम लावा. तेवढ्या पाण्यावर मशीन धुवायला लागलं तर सेन्सर पाणी ओळखतोय, दोष पाणी येण्याच्या बाजूलाच आहे. तंत्रज्ञाला फोनवर हे सगळं सांगा: बादली इतक्या वेळात भरते, जाळी धुतली, घरघर येते किंवा येत नाही. मग तो योग्य पार्ट घेऊनच येतो आणि दुसरी खेप वाचते.

जाळी परत कधी बघायची

पालिकेचं पाणी असेल तर तीन-चार महिन्यांनी एकदा पुरे. बोअर किंवा टँकरवर असाल तर दर महिन्याला, आणि पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यांत गढूळ पाणी आलं की लगेच. वाळू फारच येत असेल तर नळ आणि मशीन यांच्यामध्ये लावायचा पारदर्शक फिल्टर मिळतो, त्यातला कचरा बाहेरूनच दिसतो. मात्र वरच्या मजल्यावर तो लावण्याआधी विचार करा, कारण तोही थोडा दाब खातो.

सगळ्यात जास्त जाळ्या टाकी धुण्याच्या दिवशी तुंबतात. सोसायटीने टाकी साफ करायची नोटीस लावली की आदल्या रात्रीच मशीनचा नळ बंद करून टाका. पाणी परत सुरू झाल्यावर आधी बाथरूमचा दुसरा नळ उघडा आणि पाणी पूर्ण नितळ येईपर्यंत वाहू द्या, ते झाडांना किंवा फरशी पुसायला घ्या. पाइपात अडकलेली हवा आणि गाळ त्या नळातून निघून गेला की मगच मशीनचा नळ सोडा.